पगडीतलं सोमल

दसऱ्याच्या दिवशी आडखिंडीत पालखी निघते. पालखीत देव नसतो, पगडी असते. पूर्वीचे राजे रायाजीराव यांची केशरी पगडी, मखमलीच्या गादीवर ठेवलेली. सीमोल्लंघनाला निघालेली पालखी हुजरे आळीत शिरली की वाजंत्री एकदम थांबते, आणि मग जे होतं ते डॉ. हेमलता शिंगोटे पहिल्यांदाच बघत होत्या.

लोक थुंकत होते. बायाबापड्या, कॉलेजची पोरं, कपाळाला टिळे लावलेले शिक्षक, सगळे एका घराच्या पायरीवर थुंकत होते. काही जण तर त्यासाठी मुद्दाम पान खाऊन आले होते. पायरी लाल झाली होती, तिच्यावरून ओघळ गटारात चालले होते आणि वर माश्या घोंघावत होत्या. बाजूला एक बाई आपल्या चार वर्षांच्या लेकराला शिकवत होती, "थूक रे बाळा, थूक. राजाला मारलं यांनी."

शी! हेमलताबाई दोन पावलं मागे सरकल्या, तेवढ्यात कुणाची तरी पिचकारी त्यांच्या साडीच्या काठावर येऊन पडली. मुडद्यांच्या आतड्यांत हात घालून वीस वर्षं काढलेली ही बाई, तिला कशाची किळस येत नसे. आज आली.

पालखी गेल्यावर घराचं दार उघडलं. पन्नाशीचा एक माणूस बादली आणि खराटा घेऊन बाहेर आला आणि निमूट पायरी धुऊ लागला. हा रंगनाथ हुजरे, बस डेपोतला मेकॅनिक. यानंच त्यांना पत्र लिहिलं होतं. पत्रात एवढंच होतं: "दसऱ्याला एकदा आमच्या दारात येऊन बघा. अहवालाखाली तुमची सही आहे."

"किती वर्षांची प्रथा आहे ही?" बाईंनी विचारलं.

"लोक म्हणतात परंपरागत," रंगनाथ खराटा न थांबवता म्हणाला. "पण मी लहान होतो तेव्हा नव्हती. कुजबुज होती. आमच्या पणजोबाचे वडील सखोबा राजाचे हुजरे, त्यांनी विड्यातून सोमल दिलं, मग पाप लागून जीव दिला म्हणायचे. पोरं शाळेत चिडवायची. थुंकी आली ती तुमचा अहवाल आल्यावर. अकरा वर्षं झाली, बाई."

आता हे सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं, प्रकरण जरा नीट सांगायला हवं. राजे रायाजीराव वारले १९०८च्या आश्विनात, वय एकोणचाळीस, दोन दिवसांच्या आजारानं. देहाचं दहन झालं. म्हणजे पुढं कुणाला काही तपासायचं म्हटलं तर हाती उरली ती पगडी, आणि तिच्या आतल्या अस्तरात अडकलेले चार केस. २०३५ साली दिघोळे सरांच्या प्रयोगशाळेत ते केस आले. सर म्हणजे विषशास्त्रातलं मोठं प्रस्थ, आणि हेमलता त्यांची लाडकी विद्यार्थिनी. तिनं चारांपैकी दोन केस तीव्र आम्लात विरघळवले आणि यंत्रात घातले. आकडा आला: दहा लाख भागांत एकेचाळीस भाग सोमल. धडधाकट माणसाच्या केसात ते एक भागही नसतं. सरांनी आकड्याखाली वाक्य लिहिलं: "राजांचा मृत्यू विषप्रयोगाने झाला हे सिद्ध होते." हेमलतानं सही केली. तिची ती पहिली गाजलेली सही.

आणि आता नगरपालिकेनं ठराव केला होता: हुजऱ्यांचं घर पाडून त्या जागी 'विषबळी स्मारक' बांधायचं. ठरावाला आधार कोणता, तर तो अहवाल. हरकती ऐकायची तारीख श्रावणात होती.

"आम्हाला दुसरं घर नाही," रंगनाथ म्हणाला. "पण ते जाऊ द्या. मला एकदा खरं काय ते कळू द्या. सखोबानं दिलं असेल तर दिलं म्हणा. मी माझ्या हातानं घर पाडीन."

बादलीतलं पाणी लाल झालं होतं, आणि आपण या माणसाला गेली अकरा वर्षं दर दसऱ्याला हीच बादली भरायला लावली आहे, हे बाईंना आत्ता कळत होतं. स्वतःचीच किळस आली त्यांना.

उरलेले दोन केस मिळवायला चार महिने गेले.

दरम्यान दुनिया बदलली होती. 'केशवेध' नावाचं यंत्र निघालं होतं, आणि त्यानं लोकांना वेड लावलं होतं. ज्याच्या त्याच्या घरी आजोबांची टोपी, पणजीची वेणी, आणि जो तो तपासून घेतोय, आपल्याकडं कुणाला कुणी विष घातलं ते. भाऊबंदकी नव्यानं पेटली होती. विष सापडलं की माणसं रडत नव्हती, खूश होत होती. यंत्र मात्र गुणाचं होतं. दोष असलाच तर तो यंत्राला प्रश्न विचारणाऱ्यांचा.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळाशी रक्त असतं. त्या रक्तात जे काही असेल ते केस घडताना त्यात अडकतं आणि तसंच वर सरकत जातं. केसाच्या प्रथिनात गंधक भरपूर, आणि सोमलाला गंधकाची भारी ओढ, म्हणून ते तिथं घट्ट चिकटतं. चार सेंटिमीटरचा केस म्हणजे चार महिन्यांची रोजनिशी. जुन्या पद्धतीत ही रोजनिशी आम्लात बुडवायची आणि सगळ्या पानांची मिळून शाई किती तेवढं मोजायचं. केशवेध तसं करत नाही. तो लेसरचा बारीक ठिपका केसावरून मुळाकडून टोकाकडं नेतो, शिवाय सालीतून गाभ्याकडं, थरामागून थर. माणसानं विष खाल्लं असेल, तर केसावर पट्टे दिसतात: खाल्लं तेव्हा चढ, सोडलं की उतार. वरून लागलं असेल, तर टोकापासून मुळापर्यंत सारखंच, सालीत जास्त आणि आत कमी कमी.

पगडीतले उरलेले दोन केस यंत्रात गेले. पहिला केस राजांचाच, असं त्यांच्या बहिणीच्या मुलींकडून आलेल्या आजच्या वंशजांशी डीएनए जुळवून दिसलं. निदान त्या मातृकुळातल्या कुणाचा तरी. याहून जास्त केसाचा दांडा सांगत नाही. दुसरा केस त्या कुळातलाच नव्हता. पगडी राज्यारोहणाला दत्तक पुत्रानंही घातली होती, त्याचा असेल किंवा आणखी कुणाचा. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी विरघळवलेले दोन केस कुणाचे होते हे आता देवालाच ठाऊक. विरघळवण्याआधी ते विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि दोन्ही केसांवर एकही पट्टा नव्हता. टोकापासून मुळापर्यंत सपाट. सालीत सोमल गच्च, गाभ्यात तुरळक. पोटातून गेलेल्या सोमलाचं शरीर जे रूप बदलतं, त्या बदललेल्या रूपाची खूण कुठंच नाही.

वरून लागलं होतं. पण कुठून?

हेमलताबाई पुन्हा आडखिंडीला गेल्या. पगडी राजमंदिराच्या कोठीत असते आणि तिला हात लावायचा मान एकाच घराण्याला. सगुणाबाई फडके, वय ऐंशीच्या पुढं, कमरेत वाकलेली, जीभ मात्र सरळ.

"सगुणाआजी, या पगडीची निगा कशी राखता?"

"कशी म्हंजी? नवरात्राच्या आधी उकलायची, उन्हात न्हाई, सावलीत. मग पिवळी भुकटी भरायची घडीघडीत. कसर लागू ने म्हून. माझी सासू लावायची, तिची सासू लावायची."

"कसली भुकटी?"

म्हातारीनं फडताळातून डबा काढून झाकण उघडलं. आत सोन्यासारखी पिवळी पूड.

"हरताळ," ती म्हणाली. "पोथ्यांस्नी बी हीच."

हेमलताबाईंनी डबा जवळ ओढला. हरताळ म्हणजे सोमलाचीच सख्खी बहीण, गंधकाशी लग्न लागलेली. पावसाळी हवेत ती हळूहळू फुटते, सोमल मोकळं होतं, आणि शेजारी केस असला की त्यात मुरतं. वरून धुतलं तरी पुरतं निघत नाही. शंभरावर वर्षं, दर नवरात्रात!

"आजी, अकरा वर्षांपूर्वी आम्ही केस न्यायला आलो होतो. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"इचारलं कुणी?" सगुणाबाई फणकारली. "तुमचं ते मोठं सायेब आलं, चिमट्यानं केस उचललं, फोटू काढला. मला म्हनलं, म्हातारे, बाजूला हो. झाले बाजूला."

बाईंनी तिच्याच हातून पगडीच्या अस्तरातला सुती धागा घेतला. शेजारच्या पेटीतल्या राजांच्या वडिलांच्या पगडीतलाही एक घेतला. ते वडील तर घोड्यावरून पडून गेले होते, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत. दोन्ही धागे तपासले. सोमल दोन्हींत, केसांइतकंच.

धागा काय विडा खातो? दोन पैशांचा धागा, पण तो अकरा वर्षांपूर्वी तपासला असता तर ती पायरी कोरडी राहिली असती.

दिघोळे सर आता निवृत्त होते. बागेत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी कागद वाचले, चष्मा पुसला.

"हेमा, आपला आकडा चुकला होता का?"

"नाही सर. आकडा बरोबर होता."

"मग झालं तर."

"आकडा खरा होता, त्याखालचं वाक्य खोटं होतं. आपण पगडीचा धागा तपासला नाही. केस कुणाचा ते बघितलं नाही. निगा कोण राखतं ते विचारलं नाही. शिवाय सर, आपल्या अहवालात 'ऐतिहासिक आधार' म्हणून एका स्मरणिकेचा हवाला आहे. ती कुठून आली?"

"आडखिंडीच्या तात्यासाहेब मोहोळकरांनी दिली होती. वेळ नव्हता गं. त्यांना दसऱ्याच्या आत हवं होतं." सरांनी कागद परत केले. "आता हे उकरून काय मिळणार? माझं नाव जाईल, तुझंही. लोकांना विष हवंय. त्यांना ते मिळालंय. राहू दे की."

गुरूच्या पाया पडायची वर्षानुवर्षांची सवय, हात पुढं गेलाही, पण बाईंनी तो मागं घेतला. ज्या माणसाकडून चिमटा धरायला शिकलो त्याच्याकडून हे ऐकावं, याचा त्यांना मनस्वी वीट आला. चहा न घेता त्या उठल्या.

केसांचं झालं, पण अफवेचं काय? तीही तपासावी लागते, आणि तिला यंत्र नाही. बाईंनी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात तीन आठवडे धूळ खाल्ली. विष घातलं असं म्हणणारा प्रत्येक कागद काढायचा आणि त्याला चार प्रश्न विचारायचे: लिहिणारा कोण, कधी लिहिलं, तो तिथं होता का, आणि नसेल तर त्याला कुणी सांगितलं. मग उलट्या पावलांनी मागं मागं जायचं, मूळ सापडेपर्यंत.

२०३५चा अहवाल म्हणतो, स्मरणिका पाहा. स्मरणिका १९७४ची, ती म्हणते, "जुने लोक सांगतात." जुने लोक कुठून सांगतात? १९३९च्या एका अर्जातून. तो राजांच्या चुलतपुतण्याचा, दत्तकविधान रद्द करून गादी आपल्याला मिळावी म्हणून केलेला. राजे वारले तेव्हा हा पुतण्या तीन वर्षांचा होता! त्या अर्जाच्या आधीच्या एकतीस वर्षांत 'विष' हा शब्द एकाही कागदात नाही. मौज पुढंच आहे. २०३६च्या नव्या स्मरणिकेत लिहिलंय, विषप्रयोग आता विज्ञानानं सिद्ध झाला, पाहा २०३५चा अहवाल. स्मरणिकेचा आधार अहवालाला, अहवालाचा आधार स्मरणिकेला. दोन दारुडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे, आणि लोक म्हणतात काय भक्कम खांब आहेत.

राजांच्या मृत्यूच्या आठवड्यातले कागद काय सांगतात? दरबारी डॉक्टरचं टिपण, मृत्यूच्या दुसऱ्या दिवशीचं: उलट्या, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, पायात गोळे. सोमलानंही हेच होतं आणि पटकीनंही, म्हणजे कॉलऱ्यानंही, म्हणून लक्षणांवरून निवाडा होत नाही. पण मग मृत्यूंची नोंदवही निघाली. राजवाड्याच्या पेठेत त्या आठ दिवसांत अकरा माणसं पटकीनं गेली. त्यांतली सात एकाच पुष्करणीचं पाणी पिणारी, आणि राजवाड्याचं पाणीही तिथलंच. अकरा नावांत तिसरं नाव राजांचं. सहावं नाव वाचून बाईंनी डोळे मिटून घेतले.

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं होतं. नगराध्यक्ष तात्यासाहेब मोहोळकर मधोमध बसले होते, तोंडात तंबाखूचा बार. हेमलताबाईंनी उभ्या राहून आधी आपली जुनी सही मागे घेतली. मग केस, धागा, हरताळ, अर्ज, नोंदवही, सगळं एकेक करून साध्या शब्दांत सांगितलं.

तात्यासाहेबांनी सगळं ऐकलं आणि गोड हसले. "मॅडम, एकच विचारतो. राजांना विष दिलंच नव्हतं, असं तुम्ही शंभर टक्के सांगू शकता?"

रंगनाथ पहिल्या रांगेत होता, त्याचे हात एकमेकांत घट्ट अडकलेले. नुसतं 'हो' म्हटलं की संपलं. बाईंना ते कळत होतं. पण असंच एक वाक्य अकरा वर्षांपूर्वी लिहिलं गेलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पगडीतले केस आधी गळलेले असतात. शेवटच्या दोनचार दिवसांत घडलेला केस तर त्वचेच्या बाहेरही आलेला नसतो. एकाच वेळी दिलेलं जबर विष या केसांत दिसणारच नाही. केस एवढंच सांगतात, की हे केस वाढत होते तेव्हा विष दिलं गेल्याची खूण नाही, आणि जे सोमल आहे ते भुकटीचं आहे. बाकी कागद पटकीकडं बोट दाखवतात. विषाकडं बोट दाखवणारा एकही कागद त्या काळातला नाही."

"म्हणजे शक्यता नाकारता येत नाही!" तात्यासाहेब गरजले. टाळ्या. मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "किती खाल्ले हुजऱ्यांकडून?"

"तशी शक्यता तर तुमच्या पूर्वजांनी दिलं असण्याचीही नाकारता येत नाही!" बाईंचा आवाज चढला. "पुरावा नसला की सगळ्यांचीच शक्यता सारखी असते. मग सगळ्यांच्याच पायरीवर थुंका ना!" मग त्यांनी नोंदवहीचा कागद उचलला. "सहावं नाव ऐका. सखोबा हुजरे, वय छत्तीस, पटकी. राजांच्या मागून दुसऱ्या दिवशी. पाप लागून जीव दिला म्हणता ना त्यानं? रोग्याचे घाण झालेले कपडे हातानं धुणारा तो एकटाच होता, असं डॉक्टरच्या टिपणात आहे. बाकीचे दरबारी वाडा सोडून पळाले होते."

रंगनाथ रडत होता. आपला पूर्वज खरोखर कधी आणि कशानं गेला, हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं.

अहवालच मागे घेतल्यावर ठरावाला पाय उरला नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी तो रद्द केला. घर वाचलं. पण गाव? गावभर एकच वाक्य फिरत होतं: बाई स्वतः म्हणाली, शक्यता नाकारता येत नाही. सगळ्या कागदांतून त्यांनी नेमकं तेवढंच उचललं होतं. उकिरड्यावरची कोंबडी बरोबर किडाच टिपते.

दसरा आला. त्या वर्षी हुजरे आळीत दुप्पट गर्दी. घर पाडता आलं नाही याचा राग होता. पानवाल्यांनी आळीच्या तोंडाशी टोपल्या मांडल्या होत्या. माणसं गाल फुगवून उभी होती, लाल ओठ, हनुवटीवर ओघळ, बोलता येत नाही म्हणून नुसती डोळ्यांनी हसत होती एकमेकांना. हेमलताबाई रंगनाथच्या दारात उभ्या होत्या. एवढी तोंडं, आणि सगळी भरलेली. तरी त्या हलल्या नाहीत.

वाजंत्री थांबली. पालखी पायरीसमोर आली.

"थांबा," पालखीशेजारून आवाज आला. सगुणाबाई.

पालखी कुठं टेकवायची हे पगडीच्या मानकरणीनं ठरवायचं, असा रिवाज. आजवर वेशीपर्यंत कुठंच टेकत नसे. भोयांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पालखी उतरवली. म्हातारीनं दोन्ही हातांनी पगडी उचलली, वाकत वाकत चार पावलं चालली आणि ती हुजऱ्यांच्या पायरीवर, त्या लाल डागांच्या मधोमध, आपला पदर अंथरून ठेवली. स्वतः शेजारी बसली.

"जहर घातलं कुणी म्हनता? म्या घातलं. माझ्या सासूनं घातलं. ही बगा भुकटी." तिनं कनवटीची पुडी काढून दाखवली. "आता थुका. ज्याला थुकायचं त्यानं माज्यावर आन् राजावर थुकावं."

कुणी हललं नाही. पगडी म्हणजे साक्षात राजे. पगडीसमोर नुसता खोकला आला तरी आडखिंडीत माणूस कानाला हात लावतो. तात्यासाहेब पुढंच होते, गाल तट्ट फुगलेले, डोळ्यांत पाणी. मागं सरकावं तर मागं गर्दी. खाली थुंकावं तर पगडीचा अवमान. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

मग त्यांचा गळा हलला. त्यांनी गिळलं.

त्यांच्यामागच्यानं गिळलं. मग शिक्षकांनी, पोरांनी, बायकांनी. अख्ख्या आळीत नुसता घटाघट गिळल्याचा आवाज. कुणी उबळ दाबत होतं, कुणी तोंडावर रुमाल धरून पळत होतं. हेमलताबाई एकेकाचा चेहरा बघत होत्या. शिसारी आली होती, आणि नजर हलवावीशी वाटत नव्हती.

रंगनाथ सवयीनं बादली आणि खराटा घेऊन बाहेर आला होता. तो पायरीकडं बघत उभा राहिला.

"ठेव ती बादली आत," सगुणाबाई म्हणाली. "आन् प्यायला पानी आन. घसा वाळला माजा."